शून्य किलोमीटरनंतर गाडी पुन्हा का सुरू होत नाही?

बीएस-६ डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी अनोळखी सूचना येते. डीईएफ कमी आहे, इतक्या किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. गाडी तर झकास चालत असते. ओढ कमी नाही, धूर नाही, आवाज नाही. त्यामुळे बरेचजण ती सूचना बटण दाबून घालवतात आणि पुढे निघतात. ही चूक महागात पडते. डीईएफ संपल्यावर इंजिनाला स्वतःला काहीच त्रास होत नसतो. म्हणूनच गाडी पुन्हा सुरू न होऊ देण्याचा नियम करावा लागला.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. ट्रकवाले त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, तर गाड्यांच्या पुस्तिकांत बऱ्याचदा ॲडब्लू हे नाव असतं. ते इंजिनात जातच नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुरात त्याचा बारीक फवारा मारला जातो, उष्णतेने त्यातून अमोनिया तयार होतो आणि पुढच्या उत्प्रेरकात नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत रूपांतर होतं. बीएस-४च्या डिझेल कारला या ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती. एप्रिल २०२०पासून बीएस-६मध्ये ती ८० झाली. अनेक गाड्यांनी हा मोठा फरक या फवाऱ्याच्या जोरावर भरून काढला.

आता फवारा थांबला असं समजा. चालकाला काहीच कळत नाही, उलट एक खर्च वाचतो. गाडी मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या नाकात कितीतरी जास्त विष सोडत धावते. हे माणसाच्या सदसद्विवेकावर सोपवता येणार नव्हतं. म्हणून युरोपच्या नियमांनी गाडीलाच अडून बसायला शिकवलं, आणि आपले बीएस-६चे नियम त्याच चौकटीवर बेतलेले आहेत. युरोपच्या नियमात कारसाठी पहिला इशारा टाकी रिकामी होण्याच्या निदान २,४०० किलोमीटर आधी यावा लागतो. अंतर घटत जातं तसा इशारा अधिक ठळक होतो. शेवटी इंजिन पुन्हा सुरू होऊ न देणं हा कंपन्यांना दिलेल्या पर्यायांपैकी एक आहे, आणि आपल्याला भेटतो तो बहुधा हाच.

आकडा शून्यावर आला तरी चालतं इंजिन बंद पडत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भरधाव महामार्गावर गाडी बंद पाडणं म्हणजे अपघाताला आमंत्रण, म्हणून बंदी फक्त पुढच्या स्टार्टवर असते. सिग्नलला आपोआप बंद होऊन चालू होणारी स्टार्ट-स्टॉपची यंत्रणा त्यात धरत नाहीत. पण चालकाने स्वतः इंजिन बंद केलं की संपलं. बॅटरी चांगली असते, डिझेल असतं, आणि तरी इंजिन सुरू होत नाही. इथे धक्का देऊन किंवा बॅटरीची तार काढून पुन्हा लावून उपयोग नाही, कारण ही नोंद गाडीच्या संगणकात कायम राहते. मोठ्या ट्रकची तऱ्हा वेगळी. त्यांचं इंजिन सुरू होतं. आधी ताकद पाव हिश्श्याने कमी होते आणि टाकी कोरडी पडली की वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला जातो.

त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते एका उदाहरणातून पाहू. नागपूरहून निघताना गाडी ६०० किलोमीटर शिल्लक दाखवते. समृद्धीने शिर्डीपर्यंतचं अंतर ५२० किलोमीटर, म्हणजे कागदावर ८० किलोमीटर हाताशी राहतात. पण तो ६००चा आकडा अलीकडच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो, आणि तो वापर शहरातल्या सावकाश चालवण्याचा. आता गाडीत सात माणसं, टपावर सामान आणि सलग वेग. इंजिनावर भार वाढला की ऑक्साइड जास्त तयार होतात आणि फवाराही जास्त लागतो. वापर तीस टक्क्यांनी वाढला तर ६००चे साधारण ४६० उरतात आणि शून्य शिर्डीच्या ६० किलोमीटर अलीकडेच येतं. इंजिन चालू आहे तोवर गाडी जाईल. चहाला थांबून चावी फिरवली की तिथेच मुक्काम.

अशा वेळी कुणीतरी लिटरभर डीईएफ आणून ओततं आणि गाडी तरीही सुरू होत नाही. टाकीतल्या सेन्सरला तळाचं थोडंसं द्रव नीट मोजता येत नाही, आणि बंदी उठवण्यासाठी किमान किती भरायला हवं हे कंपनीने ठरवलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत ते पाच लिटरच्या आसपास असतं. नेमका आकडा पुस्तिकेत बघावा. पंपावर १० किंवा २० लिटरचा डबा मिळतो, तो घेतलेला बरा.

भरताना गाडी सपाट जागी उभी करा आणि इग्निशन बंद ठेवा. निळं झाकण बहुधा डिझेलच्या झाकणाशेजारीच असतं. डब्यासोबतची नळी घट्ट बसवून सावकाश ओता आणि गळ्यापर्यंत भरू नका. झाकण लावून इग्निशन चालू करा, पण इंजिन लगेच सुरू करू नका. अर्धा-एक मिनिट तसंच ठेवलं की सेन्सर नवी पातळी ओळखतो, मग स्टार्ट द्या. इथे घाई केल्यामुळेच 'भरलं तरी चालू होत नाही' अशी तक्रार पुष्कळदा येते. बाहेर सांडलेलं लगेच पाण्याने धुवावं. वाळलं की त्याचे पांढरे खडे होतात आणि रंगाला व धातूला ते बाधतात.

पाणी किंवा शेतातला युरिया विरघळवून ओतायचा मोह कुणालाही होऊ नये. आपल्याकडचा अनुदानित युरिया २०१५पासून निंबोळी तेल चोळूनच येतो. शिवाय खताच्या युरियात बाययुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ते ०.३ टक्क्याच्या वर नको. या दोन्हींचा चिकट गाळ फवाऱ्याच्या बारीक भोकात आणि उत्प्रेरकावर बसतो, आणि बदलायचा खर्च डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. चांगला डबासुद्धा उन्हात ठेवला तर बिघडतो. २५ अंशांला तो दीड वर्ष टिकतो, सतत ३५ अंशांत मात्र जेमतेम सहा महिने. विदर्भात डिकीत पडून राहिलेला गेल्या उन्हाळ्यातला डबा वापरू नये.

कधी डिझेलच चुकून निळ्या झाकणात जातं. मग इग्निशनही चालू करू नका, कारण पंप फिरला की ते सगळ्या नळ्यांत पसरतं. गाडी ओढूनच न्यावी लागते.

एक उलटा प्रकारही आहे. टाकी भरलेली असते आणि तरी आकडा उतरतच राहतो. अशा वेळी कमतरता द्रवाची नसून दर्जाची, फवाऱ्याची किंवा ऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरची असते, आणि आणखी डबे ओतून ती भरून निघत नाही. पातळीचा काटा भरलेला दाखवतो का आणि सूचनेचे शब्द 'Refill' ऐवजी 'System fault' किंवा 'Incorrect' असे आहेत का, हे पाहिलं की फरक कळतो. तसं असेल तर आकडा तीन अंकी असतानाच गाडी स्वतःच्या चाकांवर वर्कशॉपला न्यावी.