एक कोटी जोडपी आणि बारा राशी

मेषेचं सिंहेशी पटतं, कर्केशी खटके उडतात, असं राशिभविष्याच्या सदरांत नेहमी वाचायला मिळतं. यात तथ्य असेल तर ते कोट्यवधी लग्नांच्या नोंदींत कुठेतरी उमटायला हवं. मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड व्होआस या समाजशास्त्रज्ञाने ते शोधायचं ठरवलं. इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत नवरा आणि बायको दोघांच्याही जन्मतारखा होत्या. अशी जवळपास एक कोटी जोडपी त्याला तपासता आली.

बारा राशींच्या नवऱ्यांना बारा राशींच्या बायका, म्हणजे १४४ जोड्या होतात. राशीचा लग्नाशी काहीच संबंध नसेल तर प्रत्येक जोडीच्या वाट्याला साधारण ६९ हजार जोडपी येतील, आणि निव्वळ योगायोगाने त्यात काही शेकड्यांचा फरक पडेल. सगळ्या महिन्यांत जन्म सारखे होत नसल्याने प्रत्येक राशीची माणसं किती हेही हिशेबात धरावं लागतं. हजारात एका जोडप्यावर जरी राशीचा प्रभाव असता, तरी दहा हजार जोडपी इकडची तिकडे झालेली दिसली असती. शिवाय न पटणाऱ्या राशींची लग्नं कमी होत असोत किंवा होऊन मोडत असोत, दोन्ही परिस्थितींत त्या जोड्या टिकलेल्या संसारांत कमीच भरल्या असत्या.

आणि खरंच, आकडे काहीतरी सांगत होते! एकाच राशीची जोडपी अपेक्षेपेक्षा थोडी जास्त होती, शेजारच्या राशींचीही किंचित जास्त. बहुतेक जण इथे थांबून लेख छापून मोकळे झाले असते. व्होआसने मात्र राशी बाजूला ठेवून थेट तारखा पाहिल्या. जास्तीची जोडपी राशींच्या सीमा पाळत नव्हती. ती नेमक्या एकाच तारखेला किंवा एकाच महिन्यात जन्मलेली होती. जनगणनेचा फॉर्म घरातलं एकच माणूस भरतं, आणि जोडीदाराच्या रकान्यात चुकून स्वतःचीच तारीख किंवा महिना लिहितं. काहींना नेमकी तारीख ठाऊक नसते, तिथे महिन्याची पहिली तारीख लिहिली जाते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जूनला जन्मलेली माणसं किती असतात, हे आठवलं तर यात नवल वाटणार नाही. या चुकांचा हिशेब केल्यावर राशींचा प्रभाव म्हणून काही उरलं नाही.

जनगणनेत घटस्फोट थेट दिसत नाहीत, ते अमेरिकेत बर्नी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञाने आधीच पाहिले होते. मिशिगन राज्यातली १९६७ आणि १९६८ मधली २,९७८ लग्नं आणि ४७८ घटस्फोट त्याने घेतले. कोणत्या राशी जुळतात आणि कोणत्या नाहीत, हे त्याने दोन ज्योतिषांकडूनच ठरवून घेतलं. जुळणाऱ्या राशींचं प्रमाण लग्न करणाऱ्यांत आणि घटस्फोट घेणाऱ्यांत सारखंच निघालं.

यावर आपल्याकडचा जाणकार म्हणेल, "हे सगळं सूर्यराशीचं झालं. आम्ही चंद्रराशी आणि नक्षत्र पाहतो." हरकत अगदी रास्त आहे. या अभ्यासांनी आपलं गुणमेलन तपासलेलंच नाही. पण तेही तपासता येईल. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त जणांची चंद्रराशी नुसत्या खऱ्या जन्मतारखेवरून कळते. वेळ फक्त राशी बदलणाऱ्या दिवशी लागते. उदाहरणादाखल षडाष्टक घ्या, म्हणजे एकाची रास दुसऱ्यापासून सहावी किंवा आठवी. न पटणाऱ्या माणसांसाठी हा शब्द आपण एरवीही वापरतोच. बारांपैकी दोन राशी अशा असतात, म्हणून कोणतीही जोडपी घेतली तर सहांत एकाचं षडाष्टक निघणारच. प्रीतिषडाष्टक वगळलं तर बारांत एकाचं.

अडचण जोडपी निवडण्याची आहे. पत्रिका पाहून ठरवलेली लग्नं इथे उपयोगी नाहीत, कारण षडाष्टक निघालेली स्थळं बोहल्यापर्यंत पोचतच नाहीत. जी पोचतात त्यांत काही बिनसलं की आधी पत्रिकेकडेच बोट दाखवलं जातं, आणि ती धास्तीही संसारात उतरते. पत्रिका न पाहता लग्न केलेली काही हजार जोडपी हवीत, टिकलेली आणि मोडलेलीही. त्यांच्या पत्रिका नंतर मांडायच्या, आणि मांडणाऱ्याला कोणतं लग्न मोडलं हे कळू द्यायचं नाही. मोडलेल्या लग्नांत मृत्युषडाष्टकाचं प्रमाण टिकलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं, तर ज्योतिषांची बाजू सरस ठरेल. दोन्हीकडे ते बारांत एकच राहिलं, तर षडाष्टकामुळे स्थळ नाकारायला आधार उरणार नाही.