गुरुवार दुपारी चारच्या आत

अनेक शाखा असलेल्या कंपनीत पुरवठादारांची देणी बहुधा आठवड्यातून एकदाच चुकती होतात. त्यासाठी मुख्यालयातला लेखा विभाग सगळ्या शाखांना मंजुरीची आठवण करून देतो. हा निरोप साधारण असा असतो:

‘सर्व शाखांच्या निदर्शनास आणून देण्यात येते की, गेल्या काही आठवड्यांपासून पेमेंटच्या मंजुऱ्या वेळेत प्राप्त होत नसल्याने लेखा विभागास अडचणींना सामोरे जावे लागत आहे. तरी सर्वांनी आवश्यक त्या मंजुऱ्या शक्यतो गुरुवारपर्यंत सादर कराव्यात. सहकार्य अपेक्षित आहे.’

भाषा सभ्य आहे आणि व्याकरणही शुद्ध आहे. तरीही शुक्रवारी सकाळी निम्म्या शाखांचे फोन येतातच, कारण हा निरोप नेमका कामाच्या जागी सैल आहे. ‘गुरुवारपर्यंत’ म्हणजे ऑफिस सुटेपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे कळत नाही. ‘शक्यतो’ म्हटल्यामुळे मुदत पाळली नाही तरी चालेल असा अर्थ निघतो. ‘सर्वांनी’ म्हटल्यावर कोणालाच आपलं नाव त्यात दिसत नाही. माझ्या मते सगळ्यात घातक शब्द आहे ‘सादर’. शाखेतला अकाउंटंट बिलाची नोंद करतो आणि आपण ते सादर केलं असं समजतो. प्रत्यक्षात व्यवस्थापकाने मंजुरी दिल्याशिवाय ते बिल मुख्यालयाच्या यादीत येतच नाही. दोघंही प्रामाणिक असतात आणि बिल मात्र मधेच अडकून राहतं.

शाखांचा आणखी एक रास्त प्रश्न असतो. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, मग गुरुवारचा आग्रह कशासाठी? ही मुदत बँकेच्या वेळेवरून ठरलेली नसते. मंजूर बिलं हाती आल्यावर लेखा विभाग ती खरेदी आदेशाशी आणि माल मिळाल्याच्या पावतीशी ताडून पाहतो. टीडीएस कापायचा का, पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलला आहे का, हेही तपासावं लागतं. मग फाइल तयार होते. एकजण ती बँकेच्या पोर्टलवर चढवतो आणि दुसरा अधिकारी तिला संमती देतो. या सगळ्यात गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ जाते. हे कारण निरोपात एका वाक्यात आलं, तर मुदत मनमानी वाटत नाही.

आता तोच निरोप घट्ट करून पाहू.

‘विषय: गुरुवारी दुपारी 4 पर्यंत मंजूर झालेलीच बिलं शुक्रवारी चुकती होतील

शाखा व्यवस्थापकांनी या आठवड्याची बिलं गुरुवारी दुपारी 4 वाजेपर्यंत मंजूर करावीत. नुसती नोंद पुरेशी नाही; बिलासमोर Approved दिसलं पाहिजे. त्यानंतर तपासणी होऊन शुक्रवारी सकाळी 11 वाजता फाइल बँकेत जाते. 4 नंतर मंजूर झालेली बिलं पुढच्या शुक्रवारी जातील. वीज तोडली जाण्याची वेळ आली असेल किंवा कायद्याने ठरलेली मुदत संपत असेल, तरच संध्याकाळी 6 पर्यंत लेखा विभागाला फोन करावा.’

यातून तक्रारीचा सूर गेला, विनवणीही गेली. कोणी, काय, केव्हा करायचं आणि चुकलं तर काय होईल, एवढंच उरलं. अपवादाचा रस्ता अरुंद ठेवला, पण बंद केला नाही. तो बंद केला तर शाखा ओळखीच्या माणसाला गाठून दुसरा रस्ता काढतात.

‘कायद्याने ठरलेली मुदत’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत. समजा, नाशिक शाखेने एका लघुउद्योगाकडून घेतलेली खोकी 2 जून 2025 ला स्वीकारली आणि लेखी करारात 45 दिवसांची मुदत ठरली आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे याहून जास्त मुदत ठरवताच येत नाही, आणि लेखी करार नसेल तर पंधराच दिवस मिळतात. म्हणजे शेवटची तारीख गुरुवार, 17 जुलै. 10 जुलैच्या गुरुवारी चारची मंजुरी हुकली, तर पुढचं पेमेंट थेट 18 जुलैला, म्हणजे शेहेचाळिसाव्या दिवशी होणार. तिथून रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागू होतं. खोकी बनवणाऱ्या त्या छोट्या कारखानदाराचा पगारवाटपाचा दिवस कदाचित त्याच आठवड्यात असेल, हे मला व्याजापेक्षा मोठं वाटतं.

निरोप बुधवारी सकाळी पाठवावा आणि प्रत्येक शाखेला तिच्या अडकलेल्या बिलांची यादी जोडावी. सोमवारी पाठवलेला निरोप गुरुवारपर्यंत तळाशी जातो.

व्यवस्थापक रजेवर असेल आणि त्याच्या जागी मंजुरीचा अधिकार कोणाला दिलेलाच नसेल, तर मात्र कितीही चांगल्या निरोपाचा उपयोग नाही. असं होतंय का, हे गुरुवारी संध्याकाळच्या यादीवरून कळतं. बिलं चार वाजून गेल्यावर दहा-वीस मिनिटांत मंजूर होत असतील, तर निरोप पोचला आहे, वेळ कमी पडते आहे. ती दिवसभर नुसत्या नोंदीवर थांबलेली असतील, तर शाखेत मंजुरी देणारा माणूसच जागेवर नाही. अशा वेळी दुसरा निरोप न पाठवता पर्यायी व्यक्तीला अधिकार द्यावा.