पायऱ्यांच्या कर्व्हवरून मीडियन कसा वाचायचा? (हातात फक्त आकृतीचा फोटो असेल तेव्हा)

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायला घेतला की हा प्रसंग हमखास येतो. जुना पेपर आहे, त्यात पायऱ्यांसारखा खाली उतरणारा सर्व्हायव्हल कर्व्ह छापलाय, पण मीडियन सर्व्हायव्हल किती ते मजकुरात कुठेच नाही. मूळ डेटा मिळत नाही, आणि तुमच्याकडे आहे तो लायब्ररीतल्या बाइंड केलेल्या अंकावरून मोबाइलने काढलेला फोटो. तक्त्यातला रकाना तर भरायचाय. अशा वेळी बरेच जण फोटोवर पट्टी ठेवून अंदाजे आकडा लिहून मोकळे होतात. तो आकडा नेमका कुठे चुकतो आणि चुकला हे कसं ओळखायचं, ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण १९६३ सालच्या एका प्रसिद्ध चाचणीचं घेऊ. अक्यूट ल्युकेमियाच्या ज्या रुग्णांचा आजार स्टेरॉइडने आटोक्यात आला होता, म्हणजे जे रेमिशनमध्ये होते, त्यांच्यापैकी २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध दिलं आणि २१ जणांना प्लासिबो. प्रत्येकाचं रेमिशन किती आठवडे टिकलं, हे मोजलं. इथे ‘घटना’ म्हणजे मृत्यू नाही, आजार उलटणं आहे. पण कर्व्ह काढायची आणि वाचायची रीत तीच. हा डेटा आज पाठ्यपुस्तकांत सगळीकडे सापडतो, त्यामुळे आपण वाचलेला आकडा बरोबर की चूक हे ताडून पाहता येतं.

मीडियन कुठे असतो?

कॅपलन-मायर कर्व्ह प्रत्येक वेळेला ‘इथवर घटना न घडण्याची शक्यता किती’ हे दाखवतो. कर्व्ह फक्त घटना घडते तेव्हाच खाली येतो, मधल्या काळात आडवा राहतो. मीडियन म्हणजे कर्व्ह पहिल्यांदा ०.५ किंवा त्याच्या खाली जातो तो क्षण.

औषधाच्या गटात १६व्या आठवड्यातल्या घटनेनंतर कर्व्ह ०.६२७ वर आहे. २२व्या आठवड्याला ७ जण निरीक्षणाखाली होते, त्यातल्या एकाचा आजार उलटला. म्हणून ०.६२७ ला ६/७ ने गुणायचं, येतात ०.५३८. २३व्या आठवड्याला उरलेल्या ६ जणांपैकी आणखी एकाचा उलटला. ०.५३८ गुणिले ५/६, म्हणजे ०.४४८. ०.५ ची रेषा २३व्या आठवड्याच्या उभ्या उतारावर ओलांडली गेली, म्हणून मीडियन २३ आठवडे. प्लासिबोच्या गटात ८व्या आठवड्याला एकदम चार जणांचा आजार उलटला आणि कर्व्ह ०.५७१ वरून थेट ०.३८१ वर आला. तिथे मीडियन ८ आठवडे.

‘२१ जण आहेत, मग क्रमाने लावून अकरावा घेऊ’ असं औषधाच्या गटात करता येत नाही. या २१ पैकी ९ जणांचाच आजार उलटला. बाकीचे १२ सेन्सर्ड आहेत, म्हणजे शेवटचं पाहिलं तेव्हा ते रेमिशनमध्येच होते. सगळ्यांच्या वेळा सरसकट क्रमाने लावल्या तर अकरावा आकडा येतो १६. सेन्सर्ड रुग्ण वगळून फक्त ९ जण घेतले तर मधला आकडा येतो १०. खरा आकडा २३ आहे. औषधाचा फायदा निम्म्याहून कमी दिसावा इतका हा फरक आहे. म्हणून वाचायचं ते कर्व्हवरूनच.

आता पायरी. ०.५ च्या उंचीवरून उजवीकडे आडवी रेषा न्यायची, ती कर्व्हच्या ज्या उभ्या भागाला छेदते तिथून सरळ खाली यायचं. काही जण पायऱ्यांचे कोपरे तिरक्या रेषेने जोडतात आणि त्या रेषेवर ०.५ शोधतात. आपल्या उदाहरणात २२ आणि २३ चे कोपरे जोडले तर २२.४ येतात. पण २२.४ व्या आठवड्याला काहीच घडलेलं नाही. दोन घटनांच्या मध्ये कर्व्ह घसरत नसतो, एका जागी थांबलेला असतो. आणि हो, कर्व्हवर दिसणाऱ्या बारीक उभ्या खुणा सेन्सर्ड रुग्णांच्या असतात, त्यांना पायरी समजू नका.

फोटोवरून आकडा

समजा हाच कर्व्ह फोटोत आहे आणि फोटो अगदी सरळ आलाय. इमेज एडिटरमध्ये उघडून खुणांवर कर्सर नेला की पिक्सेलचे आकडे दिसतात. आडव्या अक्षावर ० आठवडे पिक्सेल १४० वर आणि ३५ आठवडे ८४० वर, म्हणजे एका आठवड्याला २० पिक्सेल. उभ्या अक्षावर १.० ही खूण १०० व्या ओळीवर आणि ० ही ६०० व्या ओळीवर (इमेजमध्ये ओळी वरून खाली मोजतात). म्हणजे ०.५ आली ३५० व्या ओळीवर. त्या ओळीवर कर्व्हचा उभा भाग पिक्सेल ६०० ला सापडतो:

```
(600 - 140) / 20 = 23
```

इथे एक काळजी घ्या. अक्षाच्या रेषेचं टोक म्हणजे शून्य असं धरू नका, छापलेल्या खुणाच धरा. बऱ्याच आकृत्यांत अक्ष शून्याच्या थोडा आधी सुरू होतो. काहींत उभा अक्ष ०.४ पासूनच सुरू असतो, तिथे कागदावरची अर्धी उंची म्हणजे ०.५ नव्हे.

फोटो तिरका असेल तर

आता तोच फोटो घड्याळाच्या दिशेने फक्त ३ अंश फिरलाय असं समजा. हातात मोबाइल धरून काढलेल्या फोटोत इतकं सहज होतं आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतं. सरळ फोटोत २२ ते २३ आठवड्यांमधली पायरी ३३१ व्या ओळीवर होती, ०.५ च्या रेषेपेक्षा १९ पिक्सेल वर. फोटो फिरल्यावर उजवीकडचा भाग खाली जातो. उभ्या अक्षापासून ४४० पिक्सेल दूर असलेली ही पायरी साधारण २३ पिक्सेल खाली येते आणि ३५४ व्या ओळीवर दिसते. म्हणजे ०.५ च्या खाली! डावीकडच्या अक्षावरून स्क्रीनला समांतर आडवी रेषा ओढणारा आता २३ चा नाही, २२ चा उतार पकडणार.

शिवाय तो उतारही फिरलेला असल्यामुळे त्या उंचीवर १३ पिक्सेल उजवीकडे सरकलेला असतो. त्यामुळे वाचताना येतात २२.६ आठवडे. आकडा २३ च्या इतका जवळ आहे की कुणालाच शंका येणार नाही. पण तो मिळाला चुकीच्या पायरीवरून. इथे पायऱ्या जवळजवळ होत्या म्हणून थोडक्यात निभावलं. पायऱ्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर असतं तर फरकही जवळजवळ सहा महिन्यांचा पडला असता.

हे ओळखायचं कसं? पायऱ्यांचा कर्व्ह स्वतःच ओळंबा आणि लेव्हल असतो. आडवा भाग खरोखर आडवाच असायला हवा. कर्व्हवरची सर्वांत लांब पायरी निवडा आणि तिच्या दोन्ही टोकांची ओळ वाचा. आपल्या कर्व्हमध्ये २३ ते ३५ आठवडे ही २४० पिक्सेलची पायरी आहे. ३ अंशांनी फिरलेल्या फोटोत तिच्या दोन टोकांत १२-१३ पिक्सेलचा फरक दिसतो. आखूड पायरी घेऊ नका. २२ ते २३ मधल्या पायरीत हाच फरक जेमतेम एक पिक्सेल भरतो, तो रेषेच्या जाडीतच लपतो.

दुसरी तपासणी घटनांच्या वेळांची. या अभ्यासात वेळा पूर्ण आठवड्यांत नोंदवल्या आहेत. म्हणजे प्रत्येक उतार पूर्ण आठवड्यावरच पडायला हवा. तीन-चार उतार वाचून पाहिले आणि ते १६.६, २२.६ असे येत असतील, तर दोष वाचण्यात आहे.

फोटो फक्त फिरलेला असेल तर एडिटरमध्ये फिरवून सरळ करा. कॅमेरा कोनात धरलेला असेल तर आकृतीची चौकट एका बाजूला अरुंद दिसते. तिथे फिरवणं पुरत नाही. पर्स्पेक्टिव्ह टूलने चारही कोपरे ओढून आयत करावा लागतो. बाइंडिंगजवळ पान वळलेलं असेल तर चार कोपऱ्यांनीही काम होत नाही. त्याची खूण म्हणजे आडव्या अक्षावरची अंतरं असमान येतात: ० ते १० मध्ये २०० पिक्सेल, पण २० ते ३० मध्ये १८०. पान दाबून सपाट करून पुन्हा फोटो काढणं सर्वांत चांगलं. ते शक्य नसेल तर पूर्ण अक्षाचं प्रमाण वापरू नका. मीडियनच्या दोन्ही बाजूंच्या जवळच्या खुणा घ्या, आपल्याकडे २० आणि २५, आणि तेवढ्याच भागाचं प्रमाण काढा.

आकडा बरोबर आला, पण तो किती पक्का?

आता २३ या आकड्याकडे पुन्हा पाहा. त्या उतारावर ६ रुग्ण होते आणि एकाच रुग्णामुळे कर्व्ह ०.०९ ने खाली आला. या गटात २३व्या आठवड्यानंतर एकाही रुग्णाचा आजार उलटल्याची नोंद नाही. म्हणजे त्या एका रुग्णाचा आजार उलटलाच नसता, तर कर्व्ह ०.५३८ वरच राहिला असता आणि आपण तक्त्यात ‘मीडियन गाठला गेला नाही’ असं लिहिलं असतं. अख्खा मीडियन एका माणसावर उभा आहे. हे स्वतः पाहायचं असेल तर आर मध्ये हा डेटा तयार मिळतो:

```r
library(survival)
data(gehan, package = "MASS")
survfit(Surv(time, cens) ~ treat, data = gehan)
```

औषधाच्या गटासाठी median खाली 23, 0.95LCL खाली 16 आणि 0.95UCL खाली NA दिसेल. खालची मर्यादा १६ आठवडे, वरची मर्यादा काढताच येत नाही. पिक्सेल मोजून आपण अर्ध्या आठवड्यासाठी भांडत होतो, आणि खुद्द डेटाची अनिश्चितता मात्र त्याच्या कितीतरी पट आहे.

म्हणून फोटोवरून मीडियन काढलात तर तक्त्यात नुसता आकडा टाकू नका. शेजारी ‘आकृतीवरून वाचलेला’ असं लिहा, उताराच्या वरच्या आणि खालच्या पायरीची उंची द्या (इथे ०.५३८ आणि ०.४४८), आणि आकृतीखाली निरीक्षणाखालच्या रुग्णांची संख्या छापलेली असेल तर मीडियनच्या आसपासची संख्याही द्या. वरची पायरी ०.५ ला अगदी चिकटून असेल, तर वाचणाऱ्याला लगेच कळेल की एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले असते तर आकडा आधीच्या पायरीवर गेला असता.