एक हृदय, दोन हिशेब!

मंडळी, माहीत आहे का? एका तासात माणूस जास्तीत जास्त किती धावू शकतो? २०२० साली ब्रसेल्सच्या ट्रॅकवर ब्रिटनच्या मो फारानं तासाभरात २१,३३० मीटर कापले आणि विश्वविक्रम केला.

आता तोच एक तास, पण बुडाखाली सायकल. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रेन्शेन गावात इटलीच्या फिलिपो गानानं मारली ५६.७९२ किलोमीटरची मजल! दोघं पुणे स्टेशनवरून एकाच वेळी सुटले असते, तर तासानं फारा चिंचवडच्या पुढे असता आणि गाना लोणावळ्याच्या अलीकडे चहाची टपरी शोधत असता.

‘सायकल फास्ट असते, त्यात काय नवल?’ बरोबर. वेगाचं नवल नाहीच. नवल छातीच्या आत आहे. दम सारखाच लागला, तरी दोन खेळांत ठोके सारखे पडत नाहीत!

भेटा आपल्या पम्याला

पम्या आपला काल्पनिक हिरो. वय ४२, वजन ७० किलो, पाच वर्षं नेमानं धावतोय. मनगटावर घड्याळ, घड्याळात पाच रंगांचे हार्ट रेट झोन. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे देवाचं नाव घ्या.

दिवाळी बोनस आला, पम्यानं सायकल घेतली. झोन मात्र धावण्याचेच ठेवले. ‘हृदय तर एकच आहे ना!’ हे त्याचं लॉजिक. पहिल्याच रविवारी ‘निवांत’ राइडला गेला आणि घरी येऊन जो सोफ्यावर पडला, तो थेट संध्याकाळी उठला.

झोन २ चं झालं झोप २!

सगळा खेळ सीटचा

माहीत आहे का? निवडणुकीसारखं इथंही सगळं सीटवर ठरतं. धावताना तुमचं अख्खं वजन तुम्हालाच पेलायचं असतं. प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोरानं उलटा ठोसा देते. पम्याच्या बाबतीत तो १४० ते २१० किलोंचा! तो झेलायला पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, सगळे कामाला लागतात, आणि हातही हलत राहतात. इतक्या गिऱ्हाइकांना रक्त पुरवायचं, तर हृदयाला पंप जोरातच मारावा लागणार.

सायकलवर वजन सीट, हँडल आणि पेडल वाटून घेतात. कामाचा मुख्य बोजा मांड्यांवर आणि पार्श्वभागावर. गिऱ्हाइकं कमी, म्हणून पंपही जरा सावकाश. ‘सारखाच दम लागलाय’ असं वाटत असताना बऱ्याच लोकांचे ठोके सायकलवर मिनिटाला साधारण ५ ते १० नी कमी भरतात.

पटत नाही? पुढच्या चढावर सीटवरून उठून उभ्यानं पेडल मारा. वेग तोच ठेवा आणि घड्याळ बघा. ठोके चढताना दिसतील. सीट गेली की खर्च वाढला!

मांडी म्हणते, ‘बास!’

दुसरं कारण त्याहून भारी. सायकलवर हृदय थकायच्या आधी मांड्या हात टेकतात. जड गिअरमध्ये पेडल दाबताना आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्ताचा ओघ कमी पडतो आणि मांडीत आग पेटते. हृदय म्हणतं, ‘अजून चाललं असतं की!’ पण मत मांडीचं चालतं.

माहीत आहे का? दम मोजायची एक जगप्रसिद्ध पट्टी आहे, स्वीडनच्या गुनार बोर्ग यांची. ती १ पासून नाही, ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. असं का? कारण ६ गुणिले १० म्हणजे ६०, आरामातले ठोके. २० गुणिले १० म्हणजे २००, जीव जातानाचे. आकड्याला शून्य लावा, ठोके मिळवा, अशी कल्पना!

आयडिया झकास, पण हा अंदाजच. आणि पम्यासारख्या धावपटूच्या मांड्या सायकलवर लवकर पेटतात. मग तो ‘१५’ म्हणतो, तेव्हा धावताना ठोके १५० असतील, तर सायकलवर १४० च असू शकतात.

२२० वजा वय? वजा करा हे सूत्रच!

जिमच्या भिंतीवर हमखास लटकणारं सूत्र. १९७१ मध्ये फॉक्स, हॅस्केल वगैरे संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडले, त्यांतून अंदाजानं एक रेघ जाताना दिसली, आणि ती रेघ जगभर कायदा झाली.

पम्याचं उत्तर येतं १७८. पण गेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर त्याच्या छातीच्या पट्ट्यानं १८६ दाखवले होते! एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी नेहमीचा. वर आणखी गंमत म्हणजे तुम्ही धावताय की पेडल मारताय, हे सूत्राला कळतच नाही. त्याला फक्त तुमचा वाढदिवस ठाऊक.

उंबरठा शोधा

मग झोन कशावरून ठरवायचे? थ्रेशोल्डवरून. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. त्याच्या अलीकडे शरीर बराच वेळ तग धरतं, पलीकडे पाऊल टाकलं की पाहुणचार संपला.

अमेरिकी कोच जो फ्रील यांची घरगुती चाचणी सोपी आहे, म्हणजे सांगायला सोपी. नीट वॉर्मअप करा. मग एकट्यानं ३० मिनिटं, जेवढा टिकेल तेवढा एकसारखा जोर लावा. दहाव्या मिनिटाला लॅपचं बटण दाबा. उरलेल्या २० मिनिटांची सरासरी म्हणजे तुमच्या उंबरठ्याचे ठोके.

ही चाचणी दोनदा द्यायची, एकदा धावत, एकदा सायकलवर, आणि मध्ये काही दिवस विश्रांती. सायकलसाठी सिग्नल आणि उतार नसलेला रस्ता हवा. घरात ट्रेनरवर करणार असाल तर समोर दणदणीत पंखा लावा. वारा नसेल तर अंग तापतं आणि जोर तोच असूनही ठोके चढत जातात. हृदयाचा त्रास असेल किंवा ठोके कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टर, मग चाचणी.

पम्याचा निकाल लागला. धावताना १६८, सायकलवर १५८.

आता बघा जादू

माहीत आहे का? फ्रील यांच्या तक्त्यात नुसता उंबरठाच नाही, टक्केसुद्धा वेगळे आहेत! झोन २ धावण्यासाठी उंबरठ्याच्या ८५ ते ८९ टक्के, सायकलसाठी ८१ ते ८९ टक्के.

पम्याचा धावण्याचा झोन २ आला १४३ ते १५०. सायकलचा आला १२८ ते १४१. दोघांत एकाही ठोक्याची गाठभेट नाही! शेजारी राहून बोलणं बंद असलेल्या भावांसारखे.

त्या रविवारचा पंचनामा करू. पम्यानं घड्याळ बघत सायकलवर १४३ ते १५० राखले. सायकलच्या उंबरठ्याच्या मापात ते होतात ९० ते ९५ टक्के, म्हणजे झोन ३ ची सुरुवात ते थेट झोन ४. घड्याळात निवांत निळा रंग आणि पायांत शर्यत! पत्ता लागायला हवा होता तोंडावरून. झोन २ मध्ये पूर्ण वाक्य बोलता येतं. पम्या मात्र मित्राला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पाणी’ एवढंच म्हणत होता.

उलटं केलं तर? सायकलचे १२८ ते १४१ घेऊन धावायला निघाला, तर ते धावण्याच्या उंबरठ्याच्या ७६ ते ८४ टक्के. म्हणजे सगळं झोन १ मध्ये! खालची हद्द पाळायची तर पम्याला चालावं लागेल, आणि बागेतले आजोबा ओव्हरटेक करतील.

सरळ १० वजा केले तर?

नको! पम्याचा फरक १० चा, तुमचा ४ चा असेल. दोन्ही खेळांत मुरलेल्या ट्रायथलीटांत हा फरक बराच आटतो. आणि आयुष्य सीटवर काढलेल्या सायकलपटूचे ठोके उलट सायकलवरच जास्त चढू शकतात. सराव बदलला की फरकही बदलतो. सहा महिने पेडल मारल्यावर पम्याच्या मांड्या सुधारतील, म्हणून त्यानं सायकलची चाचणी पुन्हा द्यायची.

घड्याळही थापा मारतं!

माहीत आहे का? धावताना मनगटी घड्याळ कधी कधी ठोके सोडून तुमची पावलंच मोजत बसतं! मिनिटाला १७२ पावलं पडत असली, की स्क्रीनवर ठोकेही १७२. याला म्हणतात केडन्स लॉक. ओळखायची खूण अशी की गप्पा मारत धावताय, तरी आकडा अचानक उडी मारतो आणि पावलांच्या आकड्याला चिकटून बसतो. सायकलवर खड्डे आणि घट्ट पकडलेलं हँडल गोंधळ घालतात. चाचणीच्या दिवशी छातीचा पट्टाच बांधा.

उताराची फुकट मौज

सायकलवर उतार आला की पेडल थांबतं आणि ठोके धडाधड उतरतात. धावताना अशी फुकट मौज नाही, उतारावरही पाऊल टाकावंच लागतं. म्हणून घाटातल्या राइडची सरासरी फसवी निघते. चढात लाल, उतारात निळा, आणि सरासरीत साळसूद हिरवा!

आणि शेवटी चलो गोवा

पणजीतल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. माहीत आहे का, हा ७०.३ कुठून आला? तिन्हींच्या मैलांची बेरीज!

सायकल ठेवून धावायला लागल्यावर पहिल्या किलोमीटरला ठोके वर जातात. एकच झोन पाठ केलेला स्पर्धक घाबरून वेग पाडतो. मोठी चूक त्यानं आधीच केलेली असते, ९० किलोमीटर धावण्याच्या झोनमध्ये पेडल मारून! त्याचं बिल पुढच्या २१ मध्ये फाडलं जातं, वर गोव्याचा दमटपणा सर्व्हिस चार्ज लावतो.

पम्यानं आता घड्याळात दोन प्रोफाइल केलीत, एक बुटाची, एक सायकलची. परवाच्या रविवारी १३५ च्या ठोक्यांवर राइड मारून आला आणि सोफ्याकडे न बघता थेट भाजी आणायला गेला. बायकोनं विचारलं, ‘आज बरे आहात ना?’