बँकेत पंधरा लाख असताना वर्गणी का वाढवायची?

क्रीडामंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वर्गणीवाढीचा विषय पुकारला की मागच्या रांगेतून एक प्रश्न ठरल्यासारखा येतो: "आपल्याकडे एफडीत एवढे पैसे पडून आहेत, मग आमच्या खिशात हात कशाला?" खजिनदाराचं सगळं भाषण खरं तर या एका प्रश्नाचं उत्तर असतं. ते उत्तर नीट दिलं गेलं नाही तर हिशेब कितीही चोख असला तरी ठराव बारगळतो. मंजूर झालाच, तर वर्षभर कुरकुर चालू राहते.

समजा, एका मध्यम शहरातलं बॅडमिंटन मंडळ आहे. लाकडी जमिनीची तीन कोर्टं, वर्गणी भरणारे ३०० सभासद आणि ६० आजीव सभासद. वर्गणी वर्षाला ४,००० रुपये, आणि गेली सहा वर्षं तीच. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असा ताळेबंद अनेक सभासदांना ओळखीचा वाटेल.

वर्गणीतून १२ लाख येतात. उन्हाळी शिबिरातून १ लाख ८० हजार मिळतात आणि ठेवींवर सात टक्क्यांनी १ लाख ५ हजार व्याज. एकूण १४ लाख ८५ हजार. सरलेल्या वर्षाचा खर्च १४ लाख ८० हजार होता, म्हणजे वर उरले फक्त पाच हजार. पण छापील अहवालात शिल्लक दिसते १ लाख ५५ हजार. हा फरक नव्या सभासदांच्या प्रवेशशुल्काचा आहे. पंधरा नवे सभासद आले, प्रत्येकाने १०,००० भरले आणि ते दीड लाख चालू उत्पन्नात धरले गेले. प्रवेशशुल्क एकदाच येतं आणि सभासदसंख्येची मर्यादा भरली की येणं थांबतं. त्यावर रोजचं वीजबिल भागवणारं मंडळ तोट्यात असूनही नफ्यात दिसतं. अहवाल हातात पडला की सभासदाने सर्वांत आधी ही ओळ वजा करून पाहावी. चांगला खजिनदार मात्र ती वेळ येऊ देत नाही, भाषणाच्या सुरुवातीलाच स्वतः सांगतो.

मग तो पुढच्या वर्षाकडे वळतो. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण होईपर्यंत पावसाळा येतो आणि सभा भरते ऑगस्ट-सप्टेंबरात. चालू वर्षाची वर्गणी तोवर बहुतेकांनी भरलेली असते. त्यामुळे आज मंजूर झालेली वाढ व्यवहारात येत्या १ एप्रिलपासूनच लागू होते आणि अंदाजही त्याच वर्षाचा मांडावा लागतो. पहारेकरी, सफाई कामगार आणि कारकुनाचे पगार सहा लाखांवरून ६ लाख ६० हजारांवर जातील. वीज तीन लाख साठ हजारांवरून ३ लाख ९० हजार होईल. पिसांच्या शटलचे भाव चढत चालले आहेत, म्हणून तिथे २ लाख ४० हजारांऐवजी तीन लाख धरायला हवेत. कर, दुरुस्ती आणि किरकोळ खर्च मिळून एकूण होतात १६ लाख ४० हजार. वर्गणी आहे तेवढीच ठेवली तर तूट १ लाख ५५ हजार.

बहुतेक भाषणं इथेच थांबतात. जमिनीचा विषय राहून जातो. तीन कोर्टांचं लाकूड नव्याने बसवायला आजच्या भावाने १८ लाख लागतील आणि ते पंधरा वर्षं टिकेल असं धरलं, तर दर वर्षी १ लाख २० हजार बाजूला पडायला हवेत. घसारा वहीत लिहिला म्हणून पैसा जमत नाही. तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाकावी लागते. ती टाकली नाही तर एका वर्षी फळ्या उचकटतात, कुणाचा तरी घोटा मुरगळतो आणि मग प्रत्येकी पाच-सहा हजारांच्या एकरकमी वर्गणीसाठी तातडीची सभा बोलवावी लागते. तेव्हा जो सभासद कालच आला आहे, त्याने पंधरा वर्षांच्या झिजेचे पैसे का भरावेत? मला हे अन्यायाचं वाटतं, आणि वार्षिक तरतुदीच्या बाजूचं सर्वांत भक्कम कारण तेच आहे.

आता मागच्या रांगेचा प्रश्न. ठेवी १५ लाखांच्या आहेत हे खरं. त्यातले चार लाख कायमनिधीच्या देणग्या आहेत. देणाऱ्यांनी मुद्दल राखण्याच्या अटीवर दिलेले पैसे मोडता येत नाहीत. सहा लाख आजीव सभासदांचे आहेत. त्यांनी प्रत्येकी १०,००० एकदाच भरले आणि त्या बदल्यात मंडळाने त्यांना जन्मभर खेळू देण्याचं वचन दिलं. त्या दहा हजारांवर वर्षाला ७०० रुपये व्याज येतं. ३६० खेळाडूंवर वाटला तर दरडोई खर्च साडेचार हजारांच्या वर जातो. आजीव सभासदांचा यात काही दोष नाही, पण ही ठेव म्हणजे श्रीमंती नसून देणं आहे, हे सभेला कळायला हवं. उरतात पाच लाख. तो खरा राखीव निधी. तूट त्यातून भागवत गेलो तर खर्च आणखी वाढला नाही असं धरूनही चौथ्या वर्षी तो संपतो, आणि जमिनीसाठी तेव्हाही काहीच साठलेलं नसतं.

तूट आणि तरतूद मिळून हवेत २ लाख ७५ हजार. तीनशे सभासदांवर ही रक्कम वाटली तर ९१७ रुपये येतात, म्हणून समिती हजाराची वाढ सुचवते. इथे एक धोका हमखास नजरेआड होतो. वाढ झाली की काही जण सोडून जातात. पंधरा जण गेले तर ५,००० प्रमाणे २८५ जणांचे १४ लाख २५ हजार येतील, म्हणजे वाढीतून हाती पडतील फक्त सव्वादोन लाख. शटल थोडी वाचतील, पण दिवे आणि पगार तेवढेच राहतील. हजाराच्या वाढीत पाचापेक्षा जास्त सभासद गमावणं परवडत नाही. म्हणून थकबाकीचा आकडा आणि मागच्या वेळी वाढ झाली तेव्हा किती जण गेले, हे दोन्ही खजिनदाराने भाषणात सांगावंच.

"दिवसाला तीन रुपयेसुद्धा नाहीत" असलं समर्थन मात्र टाळावं. हजार रुपये एकदम भरणाऱ्याला ते फसवं वाटतं. वाढ पंचवीस टक्के आहे, हे सरळ कबूल करावं. दर वर्षी पाच टक्के वाढवत आलो असतो तर आज वर्गणी ५,३६० असती, हेही सांगावं.

विषयपत्रिकेत वर्गणीवाढ स्वतंत्र विषय म्हणून, प्रस्तावित आकड्यासह असायला हवी. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी घेतलेली वाढ पुढे वादात सापडते. वर्गणीची रक्कम मंडळाच्या घटनेतच लिहिलेली असेल तर साधा ठराव पुरत नाही. घटनेत सांगितलेल्या पद्धतीने आणि बहुमताने आधी दुरुस्ती करावी लागते.

सभेत उपसूचना येतेच: "हजार नको, सातशे करा." सूचक-अनुमोदक मिळतात, हात वर होतात. अशा वेळी खजिनदाराने रुसून बसू नये आणि गप्पही राहू नये. एकही सभासद गेला नाही असं धरलं तरी सातशेने २ लाख १० हजार येतात. त्यातून तूट भागते आणि जमिनीसाठी १ लाख २० हजारांऐवजी ५५ हजार उरतात, म्हणजे पंधरा वर्षांत अठरा लाखांऐवजी सव्वाआठ लाख. मतदान होण्याआधी हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा आणि उपसूचनेसोबत तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.