रात्र कोणत्या तारखेची?

परिचारिका, पोलीस, एसटीचे वाहक, कारखान्यातले पाळीवाले कामगार या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये महिन्याच्या शेवटी एक चित्र येऊन पडते. ते असते पुढच्या महिन्याचे ड्युटीचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर. डावीकडे नावांची रांग, वर 1 ते 30 तारखा आणि मधल्या चौकोनांत एकेक अक्षर. कार्यालयातल्या संगणकावरच्या तक्त्याचा कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो आणि तो ग्रुपवर टाकला की कळवणाऱ्याचे काम संपते. ज्याला त्या अक्षरांवर महिना काढायचा आहे त्याचे काम तिथून पुढे सुरू होते.

माझी भाची एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिच्या नोव्हेंबर 2025 च्या रोस्टरमधला एकच आठवडा आज मी तुमच्यापुढे उलगडणार आहे. तिच्याकडे M म्हणजे सकाळी 8 ते दुपारी 2, E म्हणजे दुपारी 2 ते रात्री 8 आणि N म्हणजे रात्री 8 ते सकाळी 8. O म्हणजे साप्ताहिक सुट्टी आणि NO म्हणजे नाइट ऑफ, रात्रपाळ्या संपल्यावर मिळणारा दिवस. सोमवार 10 पासून रविवार 16 पर्यंत तिची ओळ अशी होती: M, E, N, N, NO, O, M.

आधी चित्र वाचण्याविषयी. हे काम वाटते तितके सोपे नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि मोठे करून पाहिले की अक्षरे फुटतात. म्हणून पाठवणाऱ्याला तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. नावांची यादी लांबलचक असेल तर खालच्या निम्म्या भागात तारखांची ओळ दिसत नाही आणि बोट एका चौकोनाने सरकते. कागदावर छापून घेऊन आपल्या ओळीखाली पट्टी धरणे हा जुना उपाय आजही उत्तम. फोनमध्ये चित्रातली अक्षरे उचलून देणारी सोय असते, तीही वापरावी. पण चित्रात एखादा चौकोन रिकामा असेल तर ती सोय पुष्कळदा तो गाळते आणि पुढची सगळी अक्षरे एक तारीख अलीकडे येतात.

हे ओळखायचे कसे? पहिली गोष्ट, आपल्या ओळीतली अक्षरे मोजायची. नोव्हेंबरची तीस भरलीच पाहिजेत. दुसरी गोष्ट, रोस्टरच्या उजव्या टोकाला बहुधा किती N, किती O अशी बेरीज असते, तिच्याशी ताळा पाहायचा. तिसरी खूण मला फार आवडते, कारण ती अक्षरांत नसून त्यांच्या अर्थात आहे. M आणि N ही अक्षरे फुटक्या चित्रात जुळ्या बहिणींसारखी दिसतात. पण N नंतर दुसऱ्या दिवशी N येईल किंवा NO येईल, M येणार नाही. आला तर त्याचा अर्थ ती बाई रात्री 8 ला उभी राहिली ती दुसऱ्या दिवशी दुपारी 2 पर्यंत, अठरा तास. असे काही दिसले की चित्र पुन्हा पाहावे. आणि चित्र खरोखरच तसे असेल तर इन्चार्ज सिस्टरांना विचारावे, कारण तक्ता करणाराही माणूसच असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भाचीच्या वहीत त्या आठवड्यातल्या पाच ठरलेल्या गोष्टी होत्या. सोमवारी दुपारी अडीचला दाताचा डॉक्टर. गुरुवारी साडेदहाला बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या. शुक्रवारी सकाळी साडेसातला तिच्या आईची, म्हणजे माझ्या आपाची, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. सोबत जबाबदार माणूस हवा, आणि डोळ्यांत थेंब कधी व किती घालायचे हे समजून घेणारे घरात दुसरे कोणी नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला एक साखरपुडा. रविवारी दुपारी साडेबाराला मैत्रिणीचे लग्न.

शुक्रवारच्या चौकोनात NO आहे. भाची मला निर्धास्तपणे म्हणाली होती, “मामू, शुक्रवारी तर मला सुट्टीच आहे.” आपाने तारीख घेतली ती त्याच भरवशावर. पण गुरुवारच्या चौकोनातला N गुरुवारी रात्री 8 ला सुरू होतो आणि शुक्रवारी सकाळी 8 ला संपतो. म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळेला भाची आपल्या वॉर्डात औषधांची ट्रॉली ढकलत असणार. चौकोनात सुट्टी लिहिलेली आणि सकाळचे आठ तास ड्युटीचे!

हा घोटाळा एका प्रश्नातून निघतो: रात्र कोणत्या तारखेची? घड्याळ म्हणते, बारा वाजले की तारीख बदलली. पंचांगातला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून रात्र आदल्या दिवसाच्या पदरात जाते. आमच्या हिजरी कालगणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे गुरुवारी दिवे लागले की आमच्या घरी ती जुम्म्याची रात्र, म्हणजे शुक्रवारची. रुग्णालयाचे रोस्टर या बाबतीत पंचांगाच्या बाजूचे: ज्या तारखेला रात्र सुरू झाली तिच्याच चौकोनात ती लिहायची. काही ठिकाणी उलटा रिवाजही असू शकतो, म्हणून नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात हे विचारून घ्यावे.

म्हणून दिनदर्शिकेत नुसते अक्षर उतरवून भागत नाही. पुष्कळ जण फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेवर ‘N’ अशी दिवसभराची नोंद करतात. ती पाहायला ठीक, पण तिला सुरुवात आणि शेवट नसतो, त्यामुळे टक्कर दिसत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी चार गोष्टी लिहाव्या लागतात: सुरू होण्याची तारीख व वेळ, संपण्याची तारीख व वेळ. N साठी संपण्याची तारीख नेहमी पुढची. O आणि NO साठी काहीच लिहायचे नाही, कारण मोकळा वेळ म्हणजे ड्युटींच्या मधे जे उरते ते.

तीस दिवस फोनवर एकेक करून भरायला कंटाळा येतो. संगणकावर साधी तक्त्याची फाइल करून CSV या प्रकारात जतन केली तर गूगल कॅलेंडर ती एका झटक्यात घेते. रेडिओवर हे वाचून दाखवता आले नव्हते, छापील पानाचा हा फायदा:

```
Subject,Start Date,Start Time,End Date,End Time
E,11/11/2025,2:00 PM,11/11/2025,8:00 PM
N,11/12/2025,8:00 PM,11/13/2025,8:00 AM
N,11/13/2025,8:00 PM,11/14/2025,8:00 AM
```

पहिली ओळ जशीच्या तशी इंग्रजीतच हवी. तारखेत आधी महिना, मग दिवस. फाइल आत घेण्याचे काम फोनच्या ॲपमधून होत नाही, संगणकावर Settings मधल्या Import & export मधून होते. त्याआधी ‘रोस्टर’ नावाचे वेगळे कॅलेंडर तयार करून फाइल त्यातच घ्यावी. कारण रोस्टर बदलते. सुधारित फाइल पुन्हा आत घेतली तर जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी बसतात. वेगळे कॅलेंडर असेल तर ते पूर्ण काढून टाकता येते, नवे भरता येते आणि आपल्या दाताच्या, बँकेच्या नोंदींना धक्का लागत नाही. नव्या कॅलेंडरच्या नावात सुधारणेची तारीख घालावी, कारण ग्रुपवर जुने चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहते.

टक्कर ओळखण्याचा नियम एका ओळीचा आहे. पहिली गोष्ट दुसरी संपण्याआधी सुरू होते आणि दुसरीही पहिली संपण्याआधी सुरू होते, तेव्हा त्या एकमेकींवर येतात. ज्यांना तक्त्यात हे आपोआप हवे, त्यांनी ड्युटीची सुरुवात B रकान्यात, शेवट C मध्ये, भेटीची सुरुवात E मध्ये आणि शेवट F मध्ये, तारीख व वेळ एकत्र लिहून, हे सूत्र G2 मध्ये घालावे आणि खाली ओढावे:

```
=SUMPRODUCT(($B$2:$B$31<F2)*($C$2:$C$31>E2))
```

उत्तर शून्य आले तर वाट मोकळी. एक किंवा अधिक आले तर तितक्या ड्युट्या आडव्या येतात.

या नियमाने शुक्रवारची शस्त्रक्रिया आणि रविवारचे लग्न लगेच पकडले गेले. सोमवारचा दातवाला मात्र सुटला, कारण ड्युटी 2 ला संपते आणि वेळ अडीचची आहे. पण 2 ला कोणतीही नर्स वॉर्डातून निघत नाही. पुढच्या पाळीला एकेक रुग्ण समजावून द्यावा लागतो, त्यात वीस मिनिटे जातात, आणि दवाखाना अर्ध्या तासावर. ती पोहोचणार दहा कमी तीनला. म्हणून भेट लिहितानाच तिला दोन्ही बाजूंनी प्रवासाची शेपटी जोडावी आणि ड्युटीचा शेवट खरा लिहावा, 2 नव्हे, 2:20. गुरुवारची बँक तर सूत्राच्या दृष्टीने निर्दोष होती. बुधवारची रात्र गुरुवारी सकाळी 8 ला संपली, पुढची रात्री 8 ला सुरू, मधे बारा तास मोकळे. त्या बारा तासांत माणूस झोपतो, हे सूत्राला कोण सांगणार? भाचीने प्रत्येक N नंतर सकाळी 9 ते दुपारी 3 अशी ‘झोप’ नावाची नोंद केली. मग बँकही लाल झाली.

उपाय म्हणजे अदलाबदल. तिची पहिली कल्पना होती गुरुवारची एक रात्र देऊन शनिवारची घ्यायची. तक्त्यात टाकून पाहिले तर शनिवारच्या रात्रीमागोमाग रविवारचा M येत होता, म्हणजे तीच अठरा तासांची उभी शिक्षा. शेवटी बुधवार ते शुक्रवार हे तीन दिवस अख्खे बदलले: सहकारी मुलीने N, N, NO घेतले आणि तिचे M, M, E भाचीकडे आले. त्या मुलीची शनिवारची ड्युटी M होती, तीही तपासून घेतली, मग दोघींनी सह्या करून अर्ज इन्चार्जकडे दिला. शुक्रवारी सकाळी साडेसातला भाची आपाजवळ हजर होती. तिची पाळी दुपारी 2 ला असल्याने त्यानंतर थेंब घालायला मी बसलो. दाताची वेळ साडेतीनची करून घेतली.

तीन दिवस बदलल्यावर सगळी यादी पुन्हा सूत्रातून काढली. गुरुवारी आता सकाळपाळी आली होती, त्यामुळे बँक आता खरोखरच आडवी आली. ती शनिवारवर ढकलली. 15 तारखेचा शनिवार महिन्यातला तिसरा होता. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. साखरपुड्याला मधे पुरेसा वेळ होता. रविवारच्या लग्नाचे मात्र काही जमले नाही, ती तीन वाजता पोहोचली आणि शेवटच्या पंगतीला बसली.