भट्टी तापली, तरी हीटर बंद का होत नाही?

विजेची भट्टी ३० अंशांवरून २०० अंशांवर न्यायची आहे. नियंत्रक दोन भागांची बेरीज करून हीटरला हुकूम देतो: एक आत्ताच्या तफावतीचा, दुसरा आजवर साठलेल्या तफावतीचा. हा दुसरा भाग म्हणजे इंटिग्रेटर.

सुरुवातीला हुकूम निघतो ३४० टक्के, पण हीटर १०० टक्क्यांपलीकडे जाऊच शकत नाही. भट्टी सावकाश तापते आणि इंटिग्रेटर साठवतच राहतो. २०० अंश गाठल्यावर तफावत शून्य होते, पण साठा समजा ४०० टक्के असतो. तो उतरायला तापमान बराच वेळ २०० च्या वर राहावे लागते. आलेखात तापमान लक्ष्याच्या वर आणि हुकूम मात्र १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसला, की दुखणे हेच समजावे.

बॅक-कॅल्क्युलेशनमध्ये प्रत्यक्ष दिलेल्या शक्तीतून मागितलेली वजा करतात. इथे १०० वजा ३४०, म्हणजे उणे २४०. ही वजाबाकी एका ठरावीक वेगाने इंटिग्रेटरमध्ये परत सोडली, की साठा फुगत नाही. तापमान लक्ष्याजवळ येताच हुकूम वेळेवर खाली येतो. हीटर मर्यादेत असताना वजाबाकी शून्य असते, त्यामुळे नेहमीच्या कामात ढवळाढवळ होत नाही.

वेग मात्र जपून ठरवावा: फार कमी ठेवला तर साठा फुगतो, फार जास्त ठेवला तर मापनातल्या क्षणिक उसळीनेही इंटिग्रेटर नको तेवढा रिकामा होतो.